दुधाची वाटी आणि मातीचा नाग

श्रावण शुद्ध पंचमी जवळ आली की सांगली जिल्ह्यातील बत्तीस शिराळ्याचे नाव दरवर्षी बातम्यांत येते. जिवंत नागाची पूजा करणारे गाव म्हणून ते देशभर ओळखले जात होते. वन्यजीव कायद्यावरून मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका झाली आणि २०१४ पासून बंदीची अंमलबजावणी कडक झाली. तेव्हापासून गावाने नागाच्या प्रतिमा पुजल्या. २०२५ मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने २१ नाग पकडण्याची मर्यादित परवानगी दिली. ती काही दिवसांपुरती होती आणि तिचे कारण शिक्षण व पारंपरिक ज्ञानाचा प्रसार असे होते. करमणूक, खेळ किंवा व्यापार यासाठी नागाचा वापर करता येणार नव्हता. तरीही 'परंपरा परत आली' असाच तिचा अर्थ अनेकांनी लावला आणि जुना वाद नव्याने सुरू झाला.

या वादात एका बाजूला श्रद्धा आणि दुसऱ्या बाजूला कायदा, अशी मांडणी केली जाते. महाराष्ट्रातील बहुतेक घरांत मात्र हा प्रश्न कधीच मिटला आहे. पाटावर मातीचा नाग ठेवला जातो किंवा भिंतीवर गंधाने नाग काढला जातो, लाह्या-दुधाचा नैवेद्य दाखवला जातो आणि सण होतो. हा बदल का झाला आणि आरोग्याच्या दृष्टीने तो योग्य का आहे, हे समजून घ्यायचे तर नागाचे शरीर, नागदंशाचा उपचार आणि सणाचा उपवास या तीन गोष्टी नीट पाहाव्या लागतात.

माती आधी, जिवंत नाग नंतर

मातीचा नाग ही कायद्याने लादलेली नवी तडजोड आहे, असा एक समज आहे. शिराळ्याची स्वतःची कथा मात्र वेगळे सांगते. गोरक्षनाथ भिक्षेसाठी महाजनांच्या दारी आले, तेव्हा घरातली बाई पूजेत होती आणि त्यामुळे भिक्षा वाढायला उशीर झाला. उशिराचे कारण विचारल्यावर तिने सांगितले की आज नागपंचमी, मी मातीच्या नागाची पूजा करत होते. नाथांनी त्या मातीच्या नागाचा जिवंत नाग केला आणि तिथून गावात जिवंत नागाची पूजा सुरू झाली, अशी ती कथा आहे. म्हणजे या कथेतही मूळ पूजा मातीच्याच नागाची आहे.

इतरत्रही तसेच होते. कोकणात कुंभाराकडचा किंवा गणपतीच्या चित्रशाळेतला मातीचा नाग, देशावर पाटावर चंदनाने किंवा हळदीने काढलेली नागाची आकृती, आणि गावाबाहेरच्या वारुळाला लाह्या-दूध वाहून येणे, ही घरोघरची रीत होती. जिवंत नाग दारात यायचा तो गारुड्याच्या टोपलीतून. घरच्या पूजेला तो जोड म्हणून असे. गारुडी टोपली उघडायचा, बायका हळदकुंकू वाहायच्या, दुधाची वाटी पुढे करायच्या आणि पैसे किंवा धान्य द्यायच्या. गेल्या काही दशकांत कमी झाले ते हे दारावरचे दर्शन. घरातली पूजा जिथे होती तिथेच आहे.

शिराळ्याची पद्धत गारुड्यापेक्षा वेगळी होती, हेही नोंदवायला हवे. तिथले तरुण सणाआधी रानात हिंडून नाग शोधत, मडक्यात ठेवून तोंडाला फडके बांधत, सणाच्या दिवशी मिरवत आणि नंतर जिथून आणला तिथे नेऊन सोडत. आम्ही दात काढत नाही आणि नागाला इजा करत नाही, असे गावकरी नेहमी सांगत आले आहेत. गारुड्याच्या टोपलीतल्या नागाचे हाल आणि शिराळ्याच्या मडक्यातल्या नागाचे दिवस एकाच मापाने मोजणे न्याय्य नाही. पण दोन्हींना लागू पडणाऱ्या काही गोष्टी आहेत आणि त्या नागाच्या शरीररचनेतून येतात.

दूध नागाच्या पोटात जाते तेव्हा

साप दूध पितो, ही समजूत इतकी जुनी आहे की सुशिक्षित घरांतही ती सहज बोलली जाते. दूध हे सस्तन प्राण्यांच्या पिलांचे अन्न आहे. ते पचवण्यासाठी पिलाच्या आतड्यात दुधातली साखर फोडणारे विकर असते. साप अंड्यातून किंवा आईच्या पोटातून बाहेर आला की पहिल्या दिवसापासून शिकार करून जगतो. त्याच्या आयुष्यात दूध कुठेच येत नाही आणि ते पचवण्याची सोयही त्याच्याकडे नाही. नागाचे अन्न म्हणजे उंदीर, बेडूक, पाली, पक्ष्यांची अंडी आणि इतर साप.

मग वाटीतले दूध संपताना दिसते ते कसे? याचे उत्तर तहान. साप पाणी पितो. टोपलीत कित्येक दिवस पाण्याविना ठेवलेल्या सापासमोर जो द्रव येईल त्यात तो तोंड घालतो. ज्या नागाला पाणी मिळाले आहे तो दुधाकडे ढुंकूनही पाहत नाही. म्हणून दूध पिणारा नाग दिसला तर त्याचा साधा अर्थ एवढाच की त्याला तहानेने व्याकूळ केले आहे.

जो दूध पीत नाही त्याच्या तोंडात ते ओतले जाते आणि खरा धोका तिथे सुरू होतो. आपल्या घशात अन्ननलिका आणि श्वासनलिका शेजारी असतात आणि घास गिळताना श्वासनलिकेवर झाकण पडते. नागाची श्वासनलिका मात्र तोंडाच्या तळाशी, बरीच पुढे, जिभेच्या मागेच उघडते. मोठी शिकार गिळायला बराच वेळ लागतो आणि त्या काळात श्वास चालू राहावा म्हणून ही रचना उपयोगी पडते. पण जबरदस्तीने ओतलेले दूध याच उघड्या तोंडातून सरळ फुप्फुसात उतरू शकते. नागाचे एकच फुप्फुस मोठे आणि कामाचे असते, दुसरे नावापुरतेच. आपल्यासारखा श्वासपटलही त्याला नसतो, त्यामुळे जोरात खोकून आत गेलेले दूध बाहेर फेकता येत नाही. तिथे दूध साचते, जंतू वाढतात आणि न्यूमोनिया होतो. मरण लगेच येत नाही. सण होऊन काही दिवस गेल्यावर नाग तोंड उघडे ठेवून श्वास घेऊ लागतो, तोंडातून फेस किंवा चिकट स्राव येतो, अंग सैल पडते आणि तो मरतो. तोवर पूजा करणारे घर ही गोष्ट विसरून गेलेले असते, म्हणून आपल्या वाटीभर दुधाचा त्याच्याशी संबंध आहे हे कोणाला कळतही नाही.

हळदकुंकवाचेही असेच आहे. सापाला पापण्या नसतात. त्याच्या डोळ्यावर एक पारदर्शक खवला कायमचा बसवलेला असतो आणि कात टाकताना तोही कातीबरोबर निघतो. डोळ्यात पूड गेली तर माणूस डोळे मिटतो, चोळतो, पाण्याने धुतो. नागाला यातले काहीच करता येत नाही. पूड नाकपुड्यांत आणि तोंडातही जाते. साप वास घेतो तो मुख्यतः जिभेने. हवेतले कण जिभेवर घेऊन ते टाळूतल्या एका खास इंद्रियाला लावतो. शिकार, शत्रू आणि जोडीदार हे सारे त्याला त्यातून कळते. तिथे रासायनिक रंगाचे कुंकू गेले की त्याचे हे ज्ञानेंद्रिय काही काळ तरी बिघडते.

गारुड्याच्या नागाच्या बाबतीत यात आणखी भर पडते. विषदंत उपटलेले असतात, कधी विषग्रंथीला टोचलेले असते, कधी तोंड दोऱ्याने शिवून जीभ बाहेर येण्यापुरती फट ठेवलेली असते. या जखमा पिकतात. तोंड पिकलेला नाग शिकार गिळू शकत नाही आणि पुढे सोडून दिला तरी उपाशी मरतो. सणात पुजलेला नाग नंतर सुखाने रानात गेला, हे समाधान म्हणूनच बहुतेक वेळा खोटे असते.

दात काढलेला नाग आणि बोटावरचा दंश

जिवंत नागाजवळ जाणाऱ्या माणसाचा धोका हा या प्रश्नाचा दुसरा भाग. 'दात काढले आहेत, घाबरू नका' हे वाक्य अनेकांनी ऐकलेले असते. नागाच्या वरच्या जबड्यात प्रत्येक विषदंताच्या मागे राखीव दात तयार होत असतात. एक पडला किंवा उपटला तर काही आठवड्यांत दुसरा जागेवर येतो. दात नसतानाही विषग्रंथी विष तयार करत राहते. म्हणजे सणाआधी दात काढलेला नाग सणानंतर पुन्हा विषारी दंश करू शकतो आणि तो नक्की कधी तसा झाला हे हाताळणाऱ्यालाही सांगता येत नाही.

दंश झालाच तर पुढे काय होते, हे एक उदाहरण घेऊन पाहू. समजा, नागाला हातात घेऊन दाखवणाऱ्या ३० वर्षांच्या तरुणाला सकाळी ११ वाजता तर्जनीवर दंश झाला. पहिल्या काही मिनिटांत जागा दुखू लागते. अर्ध्या तासात बोट सुजते आणि सूज मनगटाकडे चढते. नागाच्या विषात पेशी मारणारे घटकही असतात, म्हणून पुढच्या एक-दोन दिवसांत दंशाभोवतीची कातडी काळी पडते आणि फोड येतात. जीव वाचला तरी बोट वाकडे राहणे किंवा गमावणे हे नागदंशात घडते.

जिवाला धोका मात्र सुजेपेक्षा विषाच्या दुसऱ्या भागाचा असतो. हा भाग मज्जातंतूकडून स्नायूकडे जाणारा निरोप स्नायूच्या दारातच अडवतो. दुपारी १२ च्या सुमारास त्या तरुणाच्या पापण्या जड होतात, त्या वर उचलता येत नाहीत. बघणाऱ्याला वाटते की घाबरून झोप येते आहे. त्यानंतर एकाच्या जागी दोन दिसू लागतात, बोलणे जड होते, थुंकी गिळता येत नाही, मान टाकली जाते. शेवटी श्वासाचे स्नायू थकतात. रुग्ण पूर्ण शुद्धीवर असतो, पण श्वास घेऊ शकत नाही. दवाखान्यात त्याला एका श्वासात आकडे मोजायला सांगतात. मघाशी २५ पर्यंत जाणारा रुग्ण आता १० वर थांबत असेल, तर डोळ्यांना काही दिसण्याआधीच श्वास कमी होतो आहे हे कळते.

उपचार ठरलेला आहे. सर्पविषावरची लस, म्हणजे प्रतिविष, शिरेतून दिली जाते. भारतात मिळणारी लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही सापांवर चालते, त्यामुळे साप मारून दवाखान्यात आणण्याची गरज नसते. विषबाधेची लक्षणे दिसली की साधारण १० कुप्या सलाईनमधून तासाभरात दिल्या जातात. लहान मुलालाही तेवढ्याच, कारण सापाने मुलाच्या अंगातही तेवढेच विष सोडलेले असते. लस घोड्याच्या रक्तापासून बनते, म्हणून काहींना तिची ॲलर्जी येते. अंगावर गांधी उठतात, रक्तदाब घसरतो. त्यासाठी ॲड्रेनॅलिनचे इंजेक्शन भरून बाजूला ठेवलेले असते. नागदंशात निओस्टिग्मिन हे आणखी एक औषध ॲट्रोपिनबरोबर देतात. विषाने अडवलेला निरोप ते थोडाफार पुढे जाऊ देते आणि पापण्या काही वेळात उघडू लागतात. एवढे करूनही श्वास पुरेसा नसेल तर रुग्णाला कृत्रिम श्वासावर ठेवतात आणि विषाचा अंमल उतरेपर्यंत थांबतात. वेळेत पोहोचलेला नागदंशाचा रुग्ण बहुधा वाचतो.

अडचण असते ती या 'वेळेत'ची. दंश पूजेच्या नागाने केला की घरात एक वेगळेच दडपण येते. काहीतरी चुकले, देव कोपला, असे मानून रुग्णाला आधी मंदिरात किंवा मांत्रिकाकडे नेले जाते. बेकायदा नाग हाताळत होतो हे सांगावे लागेल, या भीतीनेही दवाखाना टाळला जातो. वरच्या उदाहरणातला तरुण १२ वाजता ग्रामीण रुग्णालयात पोहोचला तर पापण्या जड असतानाच लस सुरू होते. तो २ वाजता पोहोचला तर वाटेतच श्वास थांबलेला असू शकतो. रुग्ण तोच आणि विषही तेवढेच, पण दोन तासांनी त्याचा निकाल बदललेला असतो.

दंश झाल्यावर करायचे ते थोडे आहे. रुग्णाला शांत ठेवावे, अंगठी, बांगडी, घड्याळ काढून टाकावे, हात किंवा पाय फळीला बांधून हाड मोडल्यासारखा स्थिर ठेवावा आणि १०८ ची रुग्णवाहिका किंवा मिळेल ते वाहन घेऊन लस असलेल्या रुग्णालयात न्यावे. आवळून दोरी बांधणे, जागा कापणे, तोंडाने विष चोखणे, बर्फ किंवा पाला लावणे यातले काही करू नये. आवळलेल्या दोरीने नागदंशात आधीच मरू घातलेल्या बोटाचा रक्तपुरवठाही तुटतो.

उपवास, उकड आणि न खणलेली जमीन

नागपंचमीच्या रिवाजांत आरोग्याशी जोडलेले बरेच काही आहे आणि ते सगळे टाकाऊ नाही. या दिवशी जमीन नांगरू नये, खणू नये, असा दंडक आहे. नागाचे पिल्लू फाळाखाली सापडू नये, हा त्यामागचा भाव. श्रावणात नागाची पिल्ले अंड्यांतून बाहेर आलेली असतात आणि पावसाने बिळे भरल्यामुळे साप उघड्यावर असतात. देशातल्या सर्पदंशाच्या मृत्यूंचा मोठा अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. २००० ते २०१९ या काळात वर्षाला सरासरी ५८ हजार मृत्यू झाले आणि त्यांतले निम्मे जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत झाले, असा त्याचा निष्कर्ष आहे. नागपंचमी या चार महिन्यांच्या मध्यावर येते. एक दिवस शेतातले काम थांबल्याने आकडा फारसा बदलत नाही, पण हा साप आणि माणूस समोरासमोर येण्याचा काळ आहे, एवढी आठवण तो सण नक्की करून देतो.

अनेक घरांत आदल्या दिवशी, नागचतुर्थीला, बायका भावासाठी उपवास करतात. पंचमीला चिरणे, कापणे, तळणे नाही आणि चुलीवर तवा चढत नाही. मग पुरणाची दिंडं, उकडलेले कानोले, कोकणात हळदीच्या पानातल्या पातोळ्या, असे वाफेवरचे पदार्थ होतात. तळणापेक्षा हे अन्न हलके, यात शंका नाही. पण पुरणात आणि पातोळीत गूळ भरपूर असतो. मधुमेह असलेल्या माणसाला 'उकडलेले आहे' म्हणून चार दिंडं खाता येत नाहीत.

खरी काळजी घ्यायची ती आदल्या दिवशीच्या उपवासात. ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्या बाईने सकाळी नेहमीचा डोस घेतला आणि दिवसभर काही खाल्ले नाही, तर दुपारपर्यंत रक्तातली साखर धोक्याच्या पातळीखाली जाऊ शकते. घाम फुटणे, हात थरथरणे, छातीत धडधड, डोळ्यांपुढे अंधारी, चिडचिड किंवा असंबद्ध बोलणे ही तिची लक्षणे. श्रावणात 'उपवासाने जरा गळून गेल्यासारखं झालं' म्हणून ती सोडून दिली जातात. साखर मोजण्याचे यंत्र असेल तर ७० च्या खाली आकडा आला की उपवास तिथेच सोडावा. यंत्र नसले तरी लक्षणांवरून थांबू नये. तीन चहाचे चमचे साखर पाण्यात घालून प्यावी, १५ मिनिटांनी पुन्हा पाहावे आणि मग जेवावे. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नये, सरळ दवाखान्यात न्यावे. उलट दिवसभर साबुदाण्याची खिचडी, बटाटा आणि वऱ्याचे तांदूळ यावरच फराळ केला, तर साखर वाढते. उपवास करायचाच असेल तर गोळीचा आणि इन्सुलिनचा डोस कसा बदलायचा हे एक-दोन दिवस आधी डॉक्टरांना विचारावे. स्वतःच्या मनाने इन्सुलिन पूर्ण बंद करणे हाही धोकाच. गरोदर स्त्रिया आणि मूत्रपिंडाचे रुग्ण यांनी निर्जळी उपवास करू नये.

वारुळाला दूध वाहण्याबाबतही दोन गोष्टी सांगायला हव्यात. वारूळ मुंग्या-वाळवीचे असते. नाग तिथे राहत असलाच तर भाड्याने आल्यासारखा. ओतलेले दूध तिथे आंबते, मुंग्या लागतात आणि त्याचा नागाला काही उपयोग होत नाही. पूजेला जाणाऱ्या बाया मात्र पहाटे किंवा तिन्हीसांजेला ओल्या गवतातून, अनेकदा अनवाणी जातात. दंशाचा धोका त्या वाटेवर असतो. उजेडात जावे, पायात काही घालावे, काठी आपटत चालावे आणि वारुळाच्या भोकात हात घालू नये. घरातही पूजेच्या लाह्या आणि दुधाची वाटी रात्रभर जमिनीवर ठेवू नये. लाह्यांना उंदीर येतात आणि उंदरामागे साप येतो.

कायदा काय म्हणतो आणि घरे का बदलली

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकार म्हणजे फक्त मारणे नव्हे. पकडणे, अडकवणे हेही शिकारच आहे. नाग आधी दुसऱ्या अनुसूचीत होता. २०२२ च्या दुरुस्तीने तो पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्या पंक्तीत आला. ही दुरुस्ती एप्रिल २०२३ पासून लागू आहे. या अनुसूचीतल्या प्राण्याच्या शिकारीला किमान तीन आणि कमाल सात वर्षे कैद आणि किमान २५ हजार रुपये दंड आहे. शिक्षणासाठी किंवा संशोधनासाठी परवानगी देण्याची तरतूद त्याच कायद्यात आहे आणि शिराळ्याला २०२५ मध्ये मिळालेली परवानगी त्याच वाटेने आली. त्यामुळे ती घराघरांत किंवा दारोदार नाग नेण्याची मुभा ठरत नाही. नाग ओळखायचा कसा, तो चावला तर काय करायचे, हे त्या दिवशी हजारो लोकांसमोर सांगितले गेले तर परवानगीचे कारण पाळले गेले असे म्हणता येईल. नागासोबत मोबाइलवर छायाचित्रे काढण्यापुरताच कार्यक्रम झाला, तर माणसाचा धोका जिथल्या तिथे राहतो.

पण सामान्य घरांनी जिवंत नागाचे दर्शन सोडले ते फक्त शिक्षेच्या भीतीने नाही. पकडले जाण्याच्या भीतीने गारुडी दारावर यायचा थांबला आणि त्याची पुढची पिढी दुसऱ्या कामाला लागली. चाळी जाऊन इमारती आल्या आणि दारावर टोपली घेऊन बसायला जागा राहिली नाही. सर्पमित्रांनी शाळांतून कार्यक्रम केले आणि दूध, पुंगी, नागमणी यांबद्दलचे गैरसमज मुलांनीच घरी जाऊन मोडले. शिवाय घरच्या पूजेला जिवंत नाग कधी लागतच नव्हता, म्हणून तो गेल्यावर पूजेत काही उणे पडले नाही. घरातल्या आजीने विधीचा एक शब्दही न बदलता मातीच्या नागावर दूर्वा वाहिल्या.

मातीचा नाग घेताना शाडूचा किंवा साध्या चिकणमातीचा, बिनरंगाचा किंवा गेरू-हळदीने रंगवलेला घेतला तर तो बादलीभर पाण्यात विरघळतो आणि ते पाणी झाडाला घालता येते. चमकदार रासायनिक रंगाच्या प्लास्टरच्या मूर्तीचे तसे होत नाही. चंदनाने पाटावर काढलेल्या नागाला तर काहीच खर्च येत नाही. नैवेद्याचे दूध देवापुढे दाखवून घरातल्या मुलांना द्यावे.

या दिवसांत गारुडी दारात आलाच तर त्याला दूध आणि पैसे देऊन तो धंदा चालू ठेवू नये, तसेच गर्दी करून त्याला मारहाणही करू नये. महाराष्ट्र वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे. घरात किंवा अंगणात साप निघाला तरी हाच क्रमांक. तोवर मुलांना आणि जनावरांना दूर ठेवावे, सापावर लांबून नजर ठेवावी आणि त्याला निघून जायला वाट मोकळी सोडावी.